तोंड आलंय? वेलची-मध लावा, पण तारीख लिहून ठेवा

ओठाच्या आतल्या बाजूला, गालात किंवा जिभेखाली छोटासा गोल, पांढरट-पिवळा व्रण, भोवती लाल कड, आणि आमटीचा घास लागला की डोळ्यांत पाणी. 'तोंड आलंय' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. वैद्यकात त्याला ॲफ्थस अल्सर म्हणतात. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पहिले तीन-चार दिवस तो फार दुखतो, मग दुखणं ओसरतं आणि साधारण ७ ते १४ दिवसांत तो वण न ठेवता भरून येतो. काहीही लावलं नाही तरी भरतो. म्हणूनच घरगुती उपायाने व्रण 'बरा झाला' असं म्हणताना जपून राहावं. या उपायांचं खरं काम मधले दिवस सुसह्य करणं हे आहे, आणि ते कामही काही कमी नाही.

यात मधाची बाजू सगळ्यात भक्कम. मधात साखर इतकी दाट असते की जंतूंना लागणारं पाणीच त्यांना मिळत नाही. शिवाय त्यातल्या एका विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी थोडं थोडं तयार होत राहतं, आणि दाट मधाचा थर व्रणावर काही वेळ पांघरुणासारखा राहतो. वेलचीच्या तेलात सिनिओल हा घटक असतो. त्याने तोंडात गारवा जाणवतो, पण वेलचीने व्रण लवकर भरतो असा ठोस पुरावा नाही. ती घालायची तर एका वेलचीचे दाणे सालं काढून अगदी वस्त्रगाळ कुटावेत आणि त्यातली चिमूटभर पूड अर्धा चमचा मधात कालवावी. भरड पूड व्रणावर घासली जाते आणि दुखणं वाढतं. जेवणानंतर चूळ भरून स्वच्छ बोटाने हे चाटण लावावं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चूळ भरावी. मध आम्लधर्मी असल्यामुळे सुरुवातीला थोडा झोंबतो. फारच झोंबला तर सोडून द्यावा.

रात्री मात्र मध लावून झोपू नये, दातांना साखर चिकटून राहते. त्या वेळी खोबरेल तेल बरं. आधी कापसाने व्रण हलकेच टिपून कोरडा करावा, नाहीतर लाळेवर तेल टिकत नाही. मग खाण्याच्या खोबरेलाचे दोन थेंब लावावेत. तेलाची साय दात आणि व्रण यांच्यामधलं घर्षण कमी करते. ओल्या नारळाचं दूध घोटभर घेऊन मिनिटभर तोंडात धरलं तरी आराम वाटतो. सुकं खोबरं चावून खाण्याचा सल्ला घरोघरी मिळतो, पण त्याचे टोकदार तुकडे कोवळ्या जागी टोचतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मधुमेह असणाऱ्यांनी रात्रीचाच खोबरेलाचा उपाय दिवसाही करावा.

आता दुसरा व्रण पाहू. समजा, पन्नाशीची एक बाई आहे, बरीच वर्षं मिश्री लावते. जिभेच्या कडेला, तुटक्या दाढेसमोर, तिला व्रण झाला आहे. दाढ घासून झाला असेल असं घरच्यांना वाटतं, आणि ते शक्यही आहे. पण तो व्रण फारसा दुखत नाही, म्हणून ती रोज मध लावत महिना काढते. इथेच घात होतो. साधा व्रण खूप दुखतो आणि लवकर भरतो. सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा दुखतच नाही आणि भरतही नाही. बोट फिरवल्यावर व्रणाची कड किंवा तळ टणक लागणं, सहज रक्त येणं, शेजारी न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा असणं, जबड्याखाली वा मानेत गाठ लागणं, विनाकारण दात हलणं, ओठ किंवा जीभ बधिर होणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नये. या बाईची दाढ दंतवैद्याने घासून गुळगुळीत केली आणि पुढच्या दोन आठवड्यांत व्रण भरला, तर कारण दाढच होती. नाही भरला, तर तुकडा काढून तपासावा लागतो. जागा बधिर करून तांदळाएवढा तुकडा घेतात. त्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे.

म्हणून व्रण दिसला त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करावी. तीन आठवडे उलटले आणि व्रण तिथेच असेल, तर दुखो वा न दुखो, दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. पुन्हा पुन्हा तोंड येत असेल तर रक्तातलं लोह, बी-१२ आणि फोलेट तपासून घ्यावं. सोबत ताप असेल, डोळे लाल असतील किंवा जननेंद्रियावरही व्रण असतील, तर वाट पाहू नये. संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या तोंडात व्रण आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं, कारण आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी चुकून रोज घेतली जाण्याचे प्रकार घडतात.

सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आरशासमोर करून पाहावी. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी आत जातात का? जात नसतील, किंवा तिखट पूर्वीपेक्षा जास्त झोंबत असेल, तर गालाची आतली त्वचा कडक होत चालली असण्याची शक्यता आहे. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते, आणि सुपारी त्या दिवसापासूनच बंद करून तपासणी करून घ्यावी.