कपाटावरचा माळा उभा, ओट्यावरचा लटकता

बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन माळे आहेत. एक बेडरूममधल्या कपाटावर, दुसरा स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कॅबिनेटांवर. दोन्हींचा तळ जमिनीपासून साधारण 7 फुटांवर, दोन्हींना एकाच रंगाचा सनमायका, एकसारखी हँडलं. शेजारच्या बेन दोन्हींना ‘माळियुं’ म्हणतात. आम्हीही त्यात फरक केला नव्हता. दांडिया बाजारचं जुनं घर सोडून इथे आलो तेव्हा सासूबाईंनी सरळ वाटणी केली: स्वयंपाकघरातली वस्तू स्वयंपाकघराच्या माळ्यावर, बाकीचं जिथे जागा उरेल तिथे.

म्हणजे पितळेची भांडी ओट्याच्या वर गेली. बेडरूमचा माळा गाद्या-रजयांनी भरला, म्हणून पतंगांचा गठ्ठा आणि फिरक्यासुद्धा भांड्यांच्या बाजूला सरकवल्या.

पहिली कुरबूर दारांनी केली. दिवाळीच्या सुमारास ओट्यावरच्या कॅबिनेटची दोन दारं बंद होताना एकमेकांना घासू लागली. बिजागरीचा स्क्रू फिरवून मी ती सरळ केली, पण महिनाभरात पुन्हा तेच. मग स्टुलावर चढून पाहिलं, तर कॅबिनेटचा वरचा काठ आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट पडली होती. मिस्त्रीला बोलावलं. त्याने खालून एक नजर टाकली आणि म्हणाला, “बेन, आ लटकेलुं छे, पेलुं ऊभेलुं छे.” हे लटकलेलं आहे, ते उभं आहे.

फरक आहे तो हा. कपाटावरच्या माळ्याचा भार कपाटाच्या उभ्या फळ्यांमधून थेट जमिनीवर उतरतो. ओट्यावरची कॅबिनेटं मात्र भिंतीला स्क्रूंनी टांगलेली असतात, कारण त्यांच्याखाली दोन फूट मोकळी जागा आणि मग ओटा. माळ्याची पेटी त्या कॅबिनेटांवरच बसवली असेल, तर पेटी, पेटीतलं सामान आणि खालच्या डाळी-मसाल्यांचे डबे, सगळ्यांचं वजन त्याच चार-सहा स्क्रूंवर येतं. स्क्रू प्लगमध्ये, आणि प्लग बऱ्याचदा साडेचार इंची भिंतीच्या प्लास्टरमध्ये. तो एका झटक्यात सुटत नाही, थोडा थोडा बाहेर येतो. दारं घासणं आणि वरची फट ही त्याची आधीची खूण. मला ती बिजागरीचा दोष वाटली होती.

एक अपवाद आहे. बांधकामाच्या वेळीच स्वयंपाकघरात काँक्रीटचा माळा ओतलेला असेल आणि सुताराने त्याला फक्त दारं लावली असतील, तर ही चिंता नाही. ओळखायचं सोपं: दार उघडून तळावर बोटांच्या पेरांनी ठोका. पोकळ आवाज आला तर प्लाय, बोटं दुखली तर काँक्रीट.

आमच्याकडे पोकळ आवाज आला. भांडी उतरवून वजनकाट्यावर ठेवली: पिंप 9 किलो, परात 4, दोन जाड पातेली मिळून 9, खलबत्ता 6. एकूण 28 किलो, आणि ते सगळं एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूने चिमणीचा पाइप जातो. मिस्त्रीने वरच्या काठाला भिंतीपर्यंत जाणारे लांब स्क्रू मारले, पण भांडी परत तिथे ठेवायची नाहीत असं बजावलं. ती आता बेडरूमच्या माळ्यावर आहेत. तिथेही फळीच्या मधोमध ठेवली नाहीत. आमच्या कपाटाला आत दोन उभ्या फळ्या आहेत, बरोबर त्यांच्या डोक्यावर पिंप आणि खलबत्ता. उभ्या आधाराशिवाय चार-पाच फूट पसरलेली प्लायची फळी काही महिन्यांत पोटात खाली येते.

दुसरा फरक हवेचा, तो उत्तरायणाला कळला. 13 जानेवारीच्या रात्री मुलाने पतंगांचा गठ्ठा काढला, तर वरच्या आठ-दहा पतंगांचा कागद तेलाचा डाग पडल्यासारखा पारदर्शक झालेला. फिरकीवरचा दोराही थरांना थर चिकटलेला. मांजाला काचेच्या भुकटीबरोबर भाताच्या पेजेसारखी लुगदी चोळलेली असते, ती वाफेने मऊ पडते. दोरा सोडवायला गेलं की तटातट तुटत होता.

कुकरची वाफ आणि फोडणीचा धूर वर जातात आणि छताखाली रेंगाळतात. चिमणी असली तरी थोडं निसटतंच, आणि पाइपचा सांधा सैल असेल तर ते थेट माळ्यात सुटतं. म्हणून पाइपाला काही टेकवू नये, कागद आणि कापड तर नाहीच. तुमच्या माळ्यात किती तेल पोचतं ते पाहायचं असेल तर एक पांढरी ताटली महिनाभर वर ठेवा आणि मग बोट फिरवा. शेगडीच्या बरोबर वर बोट चिकटेल, फ्रिजकडच्या टोकाला कदाचित नाही. चिकट जागी धुता येईल अशाच वस्तू: मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, पाहुण्यांची स्टीलची ताटं, काचेच्या रिकाम्या बरण्या. आणि वजनाला हलक्या.

मग बेडरूमचा माळा निर्धोक का? तिथे तेल नाही, पण ओल असू शकते. आमच्या कपाटामागे बाथरूमची भिंत आहे. बडोद्याच्या जुलैत सगळंच दमट, तेव्हा माळा जास्त दमट आहे का हे हाताने कळत नाही. दोन वाट्यांत साधं मीठ घेऊन एक माळ्यावर आतल्या कोपऱ्यात आणि एक खोलीतल्या टेबलावर ठेवली. हवेत 75 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ पाणी धरतं, आणि बुरशीलाही साधारण तेवढ्यावरच फावतं. दोन्ही वाट्या सारख्या ओलावल्या तर ती ऋतूची करणी. माळ्यावरची आधी आणि जास्त सुटली तर भिंतीत पाणी आहे. आमची जास्त सुटली. नळाचा सांधा ठिबकत होता. रजया तोवर खाली काढल्या होत्या, नाहीतर पावसाळाभर प्लास्टिकच्या पिशवीत उबल्या असत्या. पिशवी ओल बाहेर ठेवते, पण आत गेलेली बाहेरही सोडत नाही. म्हणून रजया होळीनंतर कडक उन्हात दोन दिवस वाळवून, गार झाल्यावर बांधायच्या, आणि भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून ठेवायच्या.

पतंग-फिरक्या आता रजयांच्या शेजारी, पत्र्याच्या ट्रंकेत. गणपतीचं मखर आणि आकाशकंदीलही तिकडेच.

सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. मागच्या महिन्यात सत्यनारायणाच्या प्रसादाला मोठं पातेलं हवं होतं. “शिऱ्याचं पातेलं काढायला बेडरूममध्ये शिडी?” त्या म्हणाल्या. शिडी त्यांनीच धरली, मी वर चढले, आणि पातेलं खाली घ्यायला मुलगा उभा राहिला, कारण डोक्यावरून एवढं वजन एकट्याने उतरवायचं नाही हा नियम त्यांचाच आहे.