फ्लुटेड की रीडेड? टीव्हीच्या भिंतीचा रेंडर कसा वाचावा

टीव्हीच्या मागे उभ्या रेघांचं पॅनेल, कडेला लपवलेली एलईडी पट्टी. दिवाणखान्याच्या असल्या रेंडरवर, म्हणजे संगणकावर बनवलेल्या चित्रावर, सर्रास ‘फ्लुटेड पॅनेल’ लिहिलेलं असतं आणि निम्म्या वेळा ते फ्लुटेड नसतंच. एका कामात मी स्वतः फसलो होतो. रेंडर फ्लुटेड म्हणून मंजूर झाला, प्रत्यक्षात आलं रीडेड, आणि चित्र पुन्हा पाहिल्यावर कळलं की त्यात आधीपासून रीडेडच होतं.

अर्धे चिरलेले बांबू फुगीर बाजू पुढे ठेवून शेजारी शेजारी चिकटवले, तर झालं रीडेड. तेच बांबू उलटे करून पोकळ बाजू पुढे केली, तर झालं फ्लुटेड. रीडेडमध्ये माथा गोल असतो आणि दोन फुगवट्यांमधली फट टोकदार. फ्लुटेडमध्ये पन्हळीचा तळ गोल असतो आणि दोन पन्हळींमधली कड धारदार. चौकोनी पट्ट्यांचं पॅनेल हे तिसरंच प्रकरण. तेही याच नावाने विकलं जातं, पण ते ओळखायला सोपं आहे.

समोरून पाहताना या दोघांत डोळा गोंधळतो, कारण सावली खोलगटपणाची की फुगवट्याची हे उजेड कुठून येतो त्यावर ठरतं. पट्टी डावीकडे असेल, तर रीडेडमध्ये प्रत्येक फुगवट्याची डावी बाजू उजळते. फ्लुटेडमध्ये उलट: पन्हळीची डावी बाजू अंधारात जाते आणि पलीकडची, उजवी बाजू उजळते. म्हणून आधी पट्टी शोधायची, मग रेघ वाचायची.

उजळ रेघेच्या कडा त्याहून जास्त सांगतात. डावीकडून उजवीकडे जाताना रीडेडची रेघ एकदम सुरू होते आणि माथा ओलांडताना हळूहळू विरते. फ्लुटेडची रेघ कडेकडे जाताना उजळत जाते आणि धारेवर तटकन तुटते.

आकडे घालून पाहू. समजा दोन्ही पॅनेलांत रेघ 24 मिमी रुंद, खोली 6 मिमी. पट्टी पॅनेलच्या डाव्या टोकाला, पृष्ठभागाच्या 50 मिमी पुढे. तिच्यापासून 600 मिमी अंतरावर किरण इतका तिरका असतो की 24 मिमी पुढे जाताना तो जेमतेम 2 मिमी खाली उतरतो. म्हणजे 6 मिमी खोल पन्हळीत थेट उजेड पोचतो तो फक्त वरच्या 2 मिमीत. त्या जागी पन्हळीची भिंत उभट असल्यामुळे समोरून दिसणारी रेघ 2 मिमीहूनही बारीक. रीडेडमध्ये तोच किरण गोल माथ्यावरून सरकतो आणि 7-8 मिमी रुंद पट्टा उजळवतो.

आता 3.6 मीटरची भिंत चित्रात 1200 पिक्सेल व्यापते असं धरा. एका पिक्सेलमध्ये 3 मिमी. फ्लुटेडची रेघ एका पिक्सेलपेक्षा लहान पडली! ती तुटक दिसते, लुकलुकते आणि भिंत एकूण काळवंडते. मग रेंडर करणारा पट्टीचा उजेड वाढवतो आणि पट्टीलगतचा भाग पांढराफटक पडतो. उपाय उजेडात नाही, अंतरात आहे. पट्टी 150 मिमी पुढे आणली की त्याच जागी रेघ 6 मिमीच्या आसपास होते. मात्र तेवढी पुढे आलेली पट्टी लपवायला तितकाच खोल खण लागतो, आणि तो चित्रात काढला नसेल तर प्रत्यक्षात पट्टी नागडी दिसणार.

पट्टी वर, छताशी असेल तर सगळी युक्ती वाया जाते. उजेड पन्हळींच्या दिशेनेच खाली येतो, दोन्ही बाजू सारख्याच उजळतात आणि दोन्ही प्रकारांत मध्य उजळ, कडा मंद दिसतात. अशा वेळी पॅनेलचं वरचं टोक मोठं करून पाहावं. तिथली कापलेली कड खरं सांगते. रीडेडच्या फटींत बारीक काळी रेघही साचते, पण उजेड भडक असेल तर तीही पुसली जाते.

टोकाची कड सपाटच असेल, तर समजावं की आकार घडवलेलाच नाही, बम्प मॅप, म्हणजे उंचसखलपणाचा नुसता भास देणारं काळं-पांढरं चित्र, लावलाय. बम्प मॅपने पृष्ठभाग खराखुरा हलत नाही, त्यामुळे एका रेघेची सावली दुसरीवर पडत नाही. वरचा 2 आणि 7 मिमीचा फरकच नाहीसा होतो. शिवाय त्यातलं काळं-पांढरं उलटं झालं की फ्लुटेडचं रीडेड. ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या Bump नोडमधली Invert ही एक खूण एवढं करायला पुरते. उताराची दिशा रंगांत साठवणारा नॉर्मल मॅप असेल तर बरेच जण सवयीने हिरवा चॅनेल उलटतात. उभ्या रेघांत त्याने काही होत नाही, कारण डावा-उजवा उतार लाल चॅनेलमध्ये असतो.

दगडात फ्लुटेड घेताना आणखी एक गोष्ट: धारदार कड टवके उडून लवकर जाते, म्हणून दोन पन्हळींमध्ये 3-4 मिमीची सपाट पट्टी ठेवतात. ग्रीक खांबांत डोरिकची कड धारदार आणि आयोनिकची सपाट असते, तोच हा फरक. रेंडरमध्ये ही पट्टी काढलेली नसेल, तर चित्रातली तटकन तुटणारी रेघ दगडात तशी मिळणार नाही.