समवृत्ती वक्र आणि अंदाजपत्रक रेषा: स्पर्शबिंदूची पार्श्वभूमी

ठरावीक उत्पन्न असलेला ग्राहक दोन वस्तूंपैकी कोणती किती घेईल, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर एका आकृतीत असते. सगळे उत्पन्न खर्चून घेता येणारे दोन वस्तूंचे संच दाखवते ती सरळ अंदाजपत्रक रेषा, आणि ग्राहकाला सारखेच पसंत असलेले संच जोडतो तो समवृत्ती वक्र. रेषा वक्राला जिथे स्पर्श करते, तो ग्राहकाच्या संतुलनाचा बिंदू. ही आकृती आकाराला यायला अर्धशतक लागले. ती आली कशी हे पाहिले, की तिथे स्पर्शच का हवा तेही उलगडते.

आधीचा नियम असा होता: प्रत्येक वस्तूवर खर्च केलेल्या शेवटच्या रुपयातून सारखेच समाधान मिळाले, की निवड सर्वोत्तम. जर्मनीत गोसेनने १८५४ मध्ये हे मांडले आणि इंग्लंडमध्ये मार्शलच्या १८९० च्या ग्रंथातून ते रुजले. अडचण एकच होती, समाधान मोजायचे कशात? किलो आणि लिटर मोजता येतात, पण तृप्तीचे एकक कुणाकडेच नव्हते.

समवृत्ती वक्र पहिल्यांदा काढले एजवर्थने, १८८१ मध्ये. पण त्याचा विषय ग्राहकाची खरेदी नव्हता. दोन व्यक्तींमधला सौदा कुठे ठरेल, हे त्याला दाखवायचे होते. शिवाय समाधान मोजता येते हे त्याने गृहीतच धरले होते आणि त्या मापांवरून तो वक्रांपर्यंत पोहोचला होता. पॅरेटोने १९०६ च्या ग्रंथात ही वाट उलटी केली. माणसाला कोणते दोन संच सारखेच पसंत आहेत, एवढे कळले तरी वक्र काढता येतो. मग वक्रांना क्रम लावायचा, वरचा वक्र अधिक पसंतीचा. किती अधिक, हा प्रश्न विचारायचाच नाही. माझ्या मते या सिद्धांतातले सर्वांत धाडसी पाऊल हेच.

हिशेब मांडून पाहू. एका कुटुंबाचे महिन्याचे १२०० रुपये फळे आणि भाजीसाठी आहेत. फळे १२० रुपये किलो, भाजी ४० रुपये. म्हणजे बाजारात १ किलो फळांसाठी ३ किलो भाजी सोडावी लागते. हाच अंदाजपत्रक रेषेचा उतार. या कुटुंबाची पसंती दोन्हींच्या किलोंच्या गुणाकाराने ठरते असे धरू.

समजा, ३ किलो फळे आणि २१ किलो भाजी घेतली. पैसे बरोबर संपतात, गुणाकार येतो ६३. या बिंदूवर थोडी जास्त फळे मिळणार असतील, तर किलोमागे ७ किलोच्या दराने भाजी सोडायची कुटुंबाची तयारी असते. हा त्याचा सीमांत पर्यायता दर. बाजार मात्र ३ किलोच मागतो, तेव्हा फळांकडे सरकणे फायद्याचे. उलट, ७ किलो फळे आणि ९ किलो भाजी घेतली तरी गुणाकार ६३ च, पण इथे तयारी जेमतेम १.३ किलोची उरते. आता भाजीकडे परतायला हवे. दोन्ही बिंदू एकाच वक्रावर आहेत आणि रेषा त्या वक्राला दोनदा छेदून जाते. छेद याचा अर्थ मधे कुठेतरी वरचा वक्र गाठायला जागा शिल्लक आहे. ५ किलो फळे आणि १५ किलो भाजीपाशी तयारीही ३ आणि बाजारभावही ३. गुणाकार ७५. या वक्राला रेषा एकाच ठिकाणी टेकते आणि त्यावरचा कोणताही वक्र खिशाबाहेरचा ठरतो.

आता ६३ आणि ७५ ऐवजी त्यांचे वर्ग लिहा, ३९६९ आणि ५६२५. वक्र तेच राहतात आणि स्पर्शबिंदूही जागचा हलत नाही. समाधानाचे माप नसले तरी चालते, ते यामुळे.

पॅरेटोच्या पायावर स्लुत्स्कीने १९१५ मध्ये किंमत आणि उत्पन्न बदलल्यावर मागणी कशी बदलते याचे गणित बसवले. इटालियन नियतकालिकात छापलेला तो लेख इंग्रजी जगात बराच काळ दुर्लक्षित राहिला. १९३४ मध्ये लंडनमध्ये हिक्स आणि अ‍ॅलन स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षांपर्यंत पोहोचले, आणि १९३९ च्या हिक्सच्या ग्रंथाने ही मांडणी सर्वत्र पोहोचवली. वस्तूच्या प्रत्येक पुढच्या नगातून मिळणारे जादा समाधान, म्हणजे सीमांत उपयोगिता, घटत जाते या कल्पनेची जागा घटत्या सीमांत पर्यायता दराने घेतली.

घटत्या दराची ही अट कामाची आहे, कारण तिच्यामुळेच वक्र आरंभबिंदूकडे फुगीर, म्हणजे बहिर्गोल होतो. वक्र आरंभबिंदूशी बहिर्गोल असेल तरच स्पर्शबिंदू सर्वोत्तम असतो. वक्र उलटा वाकलेला असेल, तर तोच बिंदू रेषेवरचा सर्वांत वाईट ठरतो आणि ग्राहक कुठल्यातरी एका टोकाला जातो. वक्र बहिर्गोल असूनही कधी स्पर्श होत नाही. सगळी ३० किलो भाजीच घेणारे दुसरे कुटुंब पहिल्या किलोभर फळांसाठी २ किलोच भाजी सोडायला तयार असेल, तर बाजाराचा ३ चा दर त्याला परवडणार नाही. ते फळे घेणारच नाही. तिथे उतार जुळत नाहीत, तरी अक्षावरचे ते टोक हीच त्याची सर्वोत्तम निवड असते. म्हणून उतारांचे समीकरण सोडवून एखाद्या वस्तूचे प्रमाण ऋण आले, तर दोन्ही टोके तपासून पाहावी लागतात.