क्षेत्रफळातील तफावत (बेळगाव जिल्हा)

एकाच जिल्ह्याचे क्षेत्रफळ दोन सरकारी अहवालांत वेगवेगळे असणे ही नवलाची गोष्ट नाही. बेळगाव जिल्हा (1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी) हे त्याचे चांगले उदाहरण आहे. जनगणनेच्या तक्त्यांत त्याचे क्षेत्रफळ 13,415 चौ. किमी आहे, तर जमीन-वापराच्या तक्त्यांत 13,44,382 हेक्टर, म्हणजे जवळपास 13,444 चौ. किमी. एकोणतीस चौरस किलोमीटरचा, सुमारे सात हजार एकरांचा हा फरक.

सीमाभागात असा फरक दिसला की पहिला संशय सीमावादाकडे जातो: चारदोन गावे इकडची तिकडे धरली असतील. इथे तसे काही नाही. दोन्ही तक्ते कर्नाटकाच्या सध्याच्या प्रशासकीय हद्दीवरच बेतलेले आहेत, महाराष्ट्राच्या दाव्याचा त्यांच्याशी संबंध नाही. निपाणी, कागवाड, मूडलगी हे तालुके नव्याने झाल्यामुळेही जिल्ह्याची बेरीज बदलत नाही. जुन्या चिक्कोडी, अथणी, गोकाकमधूनच ते निघाले.

खरे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. जनगणना जिल्ह्याचा एकूण आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाकडून घेते. तो नकाशावरील हद्दीच्या आत किती जागा आहे ते सांगतो. जमीन-वापराचा आकडा खालून वर चढतो: सर्व्हे नंबर, मग गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा. मूळ मोजणी साखळीने झालेली, नोंद एकर-गुंठ्यांत, पुढे हेक्टरांत रूपांतर. प्रत्येक उताऱ्यात अर्धा गुंठा पूर्णांकात बसवला, नदीचे पात्र कुठे गावात धरले आणि कुठे सोडले, की शेकडो गावांची बेरीज नकाशाशी तंतोतंत जुळणे अवघडच. जनगणनेतही तालुक्यांचे आकडे महसुली नोंदींतून येतात, म्हणून तालुक्यांची बेरीज जिल्ह्याच्या आकड्याला न मिळणे हा छपाईतला दोष नसतो.

कार्यालयात हे वरिष्ठांना कळवण्याची रीत म्हणजे छोटा ईमेल. नमुना असा:

विषय: बेळगाव जिल्ह्याच्या क्षेत्रफळातील फरक

मॅडम, नमस्कार.
दोन्ही अहवाल तपासले. पहिल्यातला 13,415 चौ. किमी हा जनगणनेचा आकडा आहे, दुसऱ्यातला 13,444 हा जमीन-वापराच्या हेक्टरांवरून काढलेला. फरक 0.2 टक्के आहे. कोणतेही गाव सुटलेले नाही. 2011 ची लोकसंख्या 47,79,661 धरून घनता दोन्ही आकड्यांनी काढली, दर चौ. किमी 356 हीच येते. लोकसंख्येच्या तक्त्यांत पहिला आणि पिकांच्या तक्त्यांत दुसरा आकडा ठेवून खाली तळटीप द्यावी, असे सुचवतो. दोन्हींची सरासरी मात्र काढू नये. तसा आकडा कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.

घनतेचे ते एक वाक्य फार कामाचे. वरिष्ठांना क्षेत्रफळापेक्षा त्यावरून निघणारा निष्कर्ष बदलतो का, हे हवे असते.

फरक टक्क्याच्या आत असेल तर वरील स्पष्टीकरण पुरते. एखाद्या अहवालात 14,600 च्या आसपास आकडा आला तर मात्र दप्तर सोडून संगणकाकडे पाहावे. वेबवरचे नकाशे बहुधा EPSG:3857 या प्रक्षेपणात असतात. विषुववृत्तापासून दूर जावे तसे त्यात क्षेत्र फुगते, आणि बेळगावच्या सुमारे 16 अंश उत्तर अक्षांशावर हा फुगवटा आठ-नऊ टक्क्यांचा होतो. हाच आकडा घेतला तर घनता 327 पर्यंत घसरते, म्हणजे चूक थेट निष्कर्षात उतरते. जिल्ह्याच्या हद्दीचा तोच बहुभुज EPSG:32643 या एका उभ्या पट्ट्यासाठीच्या प्रक्षेपणात मोजला की आकडा पुन्हा जागेवर येतो. बेळगाव या पट्ट्याच्या 75 अंशांच्या मध्यरेखावृत्ताजवळच असल्याने तिथे उरणारी त्रुटी टक्क्याच्या दहाव्या भागाहून कमी असते. तालुका-तालुक्यांची तुलना असेल तरी हीच खबरदारी, कारण दक्षिणेचा खानापूर आणि उत्तरेची अथणी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत.

मुंबई इलाख्याच्या काळातले आकडे या तुलनेत आणू नयेत. तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यात चंदगड होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो तालुका कोल्हापूर जिल्ह्याकडे गेला. शिवाय 1940 च्या दशकाअखेर संस्थाने विलीन झाल्यावर रामदुर्ग, रायबाग यांसारखे भाग या जिल्ह्यात आले. तिथला फरक मोजणीचा नसून जिल्हाच वेगळा होता.