फेब्रुवारीच्या बिलातला आयकर: पगारकपातीच्या अंदाजाची पार्श्वभूमी

परभणी, लातूर, नांदेडकडच्या शाळांत फेब्रुवारीचं बिल निघालं की स्टाफरूममध्ये आयकराचा विषय निघतो. अकरा महिने कपात शून्य, आणि बाराव्या महिन्यात वर्षाचा सगळा कर एकदम. प्रथा इतकी रुळली आहे की कायदाच तसा असावा असं वाटतं. कायदा तसा नाही आणि कधीच नव्हता.

1922च्या आयकर कायद्यातही पगारातली कपात अंदाजित उत्पन्नाला लागणाऱ्या दरानेच होती. मराठवाड्यात तो कायदा पोचला 1950मध्ये, निजामी राजवट गेल्यावर. 1961च्या कायद्याच्या कलम 192ने शब्द पक्के केले: पगार देताना, चालू वर्षाच्या दरांनी अंदाजित उत्पन्नावर निघणाऱ्या करातून जो ‘सरासरी दर’ येतो, त्या दराने कपात.

सगळा गुंता या ‘सरासरी दरा’त आहे. तो स्लॅबचा दर नव्हे. वर्षाचा कर भागिले वर्षाचं उत्पन्न, एवढाच त्याचा अर्थ. पगार सारखा असेल तर कर भागिले बारा केलं तरी आकडा तोच येतो, म्हणून ‘बाराने भागा’ हेच सूत्र होऊन बसलं. मग पोटकलम 3 येतं. आधी कपात कमीजास्त झाली असेल तर त्याच आर्थिक वर्षात पुढच्या पगारांत ती सावरून घ्यायची मुभा त्यात आहे. ही चूक दुरुस्त करायची सोय आहे, कपात पुढे ढकलायचा परवाना नाही. ‘वर्षाअखेर बेरीज जुळली ना, मग झालं’ असं म्हणणारे पहिलं पोटकलम न वाचताच तिसऱ्यावर उडी मारतात.

कार्यालयं ढकलत का राहिली, याला कारण होतं. विमा, भविष्यनिर्वाह निधी, घरभाडं, गृहकर्ज यांचे कागद डिसेंबर-जानेवारीशिवाय हाती येत नसत. मालकाने पुरावे तपासावेत का, हा वादही बराच काळ चालला. प्रवास सवलतीच्या प्रकरणात 2009मध्ये न्यायालयाने ती सक्ती मालकावर नाही असं म्हटलं. 2015च्या दुरुस्तीने पुरावा घेणं बंधनकारक झालं आणि 2016पासून त्यासाठी 12BB हा नमुना आला.

2020मध्ये नवी करप्रणाली आली. 2023-24पासून तीच मूळ धरली जाते. कर्मचाऱ्याने काही कळवलं नाही तर कपात नव्या प्रणालीने. कार्यालयाला कळवलेली निवड फक्त कपातीपुरती असते, विवरणपत्र भरताना ती बदलता येते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कागदांची वाट पाहण्याचं कारणच उरलं नाही, सवय तेवढी राहिली.

आणि 2025-26मध्ये ती सवय महागात पडू लागली. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. त्याच्या थोडं वर गेलं की सीमांत सवलत, म्हणजे 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच कर, अधिक 4 टक्के उपकर.

जुन्या पेन्शन योजनेतल्या, दुसरं उत्पन्न नसलेल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. सरकारी पगारात मार्चचा पगार एप्रिलमध्ये देय होतो, म्हणून हिशेब मार्च ते फेब्रुवारी. एकूण पगार महिना 1,06,000. लिपिकाने बाराने गुणलं: 12,72,000. प्रमाणित वजावट 75,000 गेली, उरले 11,97,000. कर शून्य, कपात शून्य.

पण जुलैची वेतनवाढ दर वर्षी ठरलेलीच असते. ती आणि महागाई भत्ता मिळून जुलै ते फेब्रुवारी महिना 5,000 वाढले, म्हणजे वर्षाला 40,000. करपात्र उत्पन्न झालं 12,37,000. स्लॅबप्रमाणे कर 65,550. सीमांत सवलतीने तो 37,000वर आला. उपकर 1,480 धरून 38,480. वाढलेल्या चाळीस हजारांतले हातात राहिले 1,520. (व्यवसायकराचे 2,500 नव्या प्रणालीत वजा होत नाहीत, हे बऱ्याच तक्त्यांत चुकतं.)

हे एप्रिलमध्येच धरलं असतं तर महिना साधारण 3,207 गेले असते. सहा पगार झाल्यावर लक्षात आलं तर उरलेल्या सहांत 6,413. फेब्रुवारीच्या बिलात कळलं तर 38,480 एकदम. दर महिन्याला वापरायचं सूत्र एकच:

```
महिन्याची कपात = (वर्षाचा अंदाजित कर − झालेली कपात) ÷ उरलेले पगार
```

वेतनवाढ धरताच येते. भत्त्याचा दर जाहीर होईपर्यंत धरता येत नाही, म्हणून आदेश आला की त्याच महिन्यात अंदाज पुन्हा मांडायचा. भत्त्याची थकबाकी मिळाली तर तीही त्याच वर्षात येते. ती मागच्या वर्षाची असेल तर 1961च्या कायद्यात कलम 89चा दिलासा 10E नमुना भरून कार्यालयाकडूनच कपातीत मिळवता येत होता.

ऑक्टोबर 2024पासून कर्मचारी बँकेतल्या ठेवींवर कापलेला करही त्याच कायद्याच्या 12BAA नमुन्यात कळवू लागला, आणि तेवढी पगारातली कपात कमी होऊ लागली. 1 एप्रिल 2026पासूनच्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक 192 जाऊन 392 झाला. अंदाज आणि सरासरी दर तिथेही आहेतच.