नाडी उतरली, पाय जड झाले

एका धावणाऱ्या बाईंची वही समोर घेऊ. बाई आणि त्यांचे आकडे मी मांडलेले आहेत, पण हौशी धावकांच्या वह्या चाळल्या तर असं पान सापडायला वेळ लागत नाही. वय ४४, पुण्यात नोकरी, आठ वर्षांचा धावण्याचा सराव. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी तयारी चाललेली. एरवी आठवड्याला ४५ किलोमीटर. नोव्हेंबरअखेरीपासून मात्र ओळीने तीन आठवडे ६०, ६८ आणि ७२. रोज सकाळी जाग आली की अंथरुणातच छातीला पट्टा लावून दोन मिनिटं पडून राहायचं आणि फोनवर आलेले दोन आकडे लिहून ठेवायचे: विश्रांतीची नाडी आणि एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार.

वाढीव सरावाआधीची त्यांची सरासरी होती नाडी ५४, एचआरव्ही ४२. पहिल्या जड आठवड्यात नाडी ५६ झाली, एचआरव्ही ३६. हे सगळ्यांना पाठ असलेलं चित्र: थकवा आला, नाडी चढली, चढउतार घटला. दुसऱ्या आठवड्यात ५३ आणि ४४. बाईंना वाटलं, शरीराने घेतलं अंगावर. तिसऱ्या आठवड्यात ५० आणि ५५. मनगटावरचं घड्याळ हिरवंगार, ‘आज जोरात धावा’ म्हणणारं. आणि त्याच आठवड्यात ऑफिसचे दोन जिने चढताना मांड्या भरून येत होत्या, पहाटे तीनला जाग येत होती, आणि किलोमीटरला ५ मिनिटं ४० सेकंद हा टेम्पो रनचा, म्हणजे दमवणाऱ्या पण एकसारख्या वेगाच्या धावेचा, नेहमीचा वेग ५:५५ वर जाऊनही जीव काढत होता.

आकडे म्हणतात तब्येत फर्मास, पाय म्हणतात बस कर. यात खोटं कुणीच बोलत नाही. गफलत होते ती आकड्यांचा अर्थ लावताना.

हृदयाला स्वतःची लय असते. कुठल्याही नसेचा हुकूम नसेल तर हृदयातली ठोके सुरू करणारी गाठ मिनिटाला साधारण १०० ठोके देते. आपली नाडी त्याहून कितीतरी कमी असते, कारण व्हेगस नावाची नस सतत लगाम खेचून असते. श्वास आत घेताना हा लगाम किंचित सैल होतो, ठोके जवळ येतात. सोडताना तो पुन्हा आवळतो, ठोके लांबतात. व्हेगसचा परिणाम एकदोन ठोक्यांतच दिसतो. वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसांना मात्र काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्यागणिक दिसणारा चढउतार हा मुख्यतः व्हेगसच्या कामाचा माग असतो.

अॅपमध्ये येणारा आकडा बहुधा आरएमएसएसडी असतो. नाव भीतीदायक आहे, हिशेब शाळेतला. समजा ठोक्यांमधली पाच अंतरं मिलिसेकंदांत अशी आली: ११८०, १२४०, १२१०, ११५०, १२२०. सरासरी १२००, म्हणजे नाडी ५०. आता शेजारशेजारचे फरक घ्या: ६०, ३०, ६०, ७०. त्यांच्या वर्गांची बेरीज १३,०००, सरासरी ३,२५०, वर्गमूळ ५७. झाला तुमचा एचआरव्ही. फरकांचा वर्ग होत असल्यामुळे एखादा अवेळी पडलेला ठोकाही मोठा घोटाळा करतो. साठ ठोक्यांच्या मोजणीत असा एकच ठोका येऊन ४०० मिलिसेकंदांचे दोन फरक घुसले, तर हाच ५७ चा आकडा ९२ च्या आसपास जातो. एका सकाळच्या आकड्यावर हुरळू नये किंवा घाबरू नये, त्याचं हे एक कारण.

आता तिसऱ्या आठवड्याकडे. अतिसरावाने नाडी चढायलाच हवी, ही समजूत अर्धीच खरी आहे. युरोपातल्या जुन्या क्रीडावैद्यकातच अतिसरावाचे दोन चेहरे सांगितलेले आहेत: एक धडधडणारा, झोप उडवणारा, नाडी चढवणारा, दुसरा मंद, नाडी उतरवणारा. तासन्‌तास धावणं, सायकल चालवणं, पोहणं अशा दमाच्या खेळांत हा दुसरा चेहरा जास्त भेटतो. तो फसवा आहे, कारण तंदुरुस्ती वाढल्यावरही नाडी उतरते आणि एचआरव्ही चढतो.

२०१३ साली पॅरिसच्या इन्सेप या क्रीडासंस्थेतल्या यान ल मर आणि सहकाऱ्यांनी ट्रायथलॉनपटूंवर हेच तपासलं. तीन आठवडे सराव मुद्दाम वाढवला. खेळाडूंची कामगिरी घसरली, म्हणजे ते खरोखर थकले होते. पण सकाळची नाडी उतरली होती आणि एचआरव्ही वाढला होता. हा कल आठवड्याच्या सरासरीतच दिसला. सुटे सुटे दिवस पाहिले तर आकडे इतके उड्या मारत होते की काहीच कळलं नसतं. पुढे सराव हलका केल्यावर कल उलट फिरला.

असं का होतं, याचा एक धागा व्यायाम चालू असताना सापडतो. थकलेल्या खेळाडूची नाडी जोर लावूनही नेहमीच्या उंचीला जात नाही. जोरात पळताना रक्तात जेवढं अॅड्रेनलिन सुटायला हवं, तेवढं सुटत नाही. आमच्या बाईंच्या वहीतही ते उमटलं होतं. तळजाईच्या चढावर दर मंगळवारी त्या सहा फेऱ्या मारतात. शेवटच्या फेरीला नाडी १६८ पर्यंत जायची. तिसऱ्या आठवड्यात ती १५९ वर अडली, आणि त्या फेरीला दहापैकी किती त्रास झाला, या रकान्यात ७ ऐवजी ९ लिहिलेलं होतं.

माझ्या मते सगळ्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद ही. तंदुरुस्ती वाढल्यावरही त्याच चढावर, त्याच वेगाला नाडी कमी दिसते, पण मग त्रासाचा आकडाही उतरतो. नाडी कमी आणि त्रास जास्त, ही जोडी चांगल्या लक्षणात मोडत नाही. गंमत म्हणजे धावणं थांबवल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते, हा घड्याळांचा आवडता आकडासुद्धा इथे दगा देतो: अतिसरावाने थकलेल्या खेळाडूंमध्ये ती जास्तच झपाट्याने उतरलेली आढळली आहे. म्हणजे घड्याळात तीन शुभशकुन एकाच वेळी, आणि माणूस जिन्यात कठड्याला टेकलेला.

एवढ्यावर ‘एचआरव्ही वाढला की थकवा’ असा उलटा नियम करायचा मोह होतो. तोही टिकत नाही. नाडी फार मंद असलेल्या मुरलेल्या खेळाडूंमध्ये कधीकधी व्हेगसचा लगाम इतका घट्ट बसतो की श्वास आत घेतानाही तो सुटत नाही. मग नाडी आणि एचआरव्ही दोन्ही एकदमच उतरतात, आणि तो खेळाडू ठणठणीत असू शकतो. न्यूझीलंडमधल्या डॅनियल प्लूज यांनी २०१२ मध्ये दोन अव्वल ट्रायथलॉनपटूंच्या रोजच्या नोंदी शेजारी ठेवल्या होत्या. त्यातला जो अतिसरावात अडकला, त्याच्या एचआरव्हीचा कल खाली चाललेला होता आणि रोजच्या उड्यासुद्धा आखूड होत गेल्या होत्या. आकडा जणू गोठत चालला होता. चढलेला, उतरलेला, गोठलेला, तिन्ही रूपं खरी. म्हणूनच युरोपातल्या क्रीडाविज्ञान आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संघटनांनी २०१३ मध्ये मिळून काढलेल्या निवेदनात निदानासाठी कुठलाही एक आकडा पुरेसा मानलेला नाही. कामगिरी घसरली आहे का आणि विश्रांतीनंतर ती किती दिवसांनी परतते, यावर त्यांचा भर आहे. शिवाय आजारपण, रक्तक्षय, थायरॉइड, अपुरं खाणं ही कारणं आधी बाजूला काढा, असंही त्यात आहे.

त्या शेवटच्या कारणापाशी जरा थांबायला हवं. बाईंचे हे तीन आठवडे मार्गशीर्षातले. गुरुवारचा उपवास त्या वर्षानुवर्षं करतात, आणि त्यांचा लांब इंटरव्हलचा, म्हणजे मधेमधे दम घेत जोरात धावण्याचा, सराव असतो बुधवारी संध्याकाळी. स्नायूंतला साखरेचा साठा बुधवारी रिकामा व्हायचा, गुरुवारी दिवसभर वरीचा भात आणि फळांवर तो धड भरायचा नाही, आणि शुक्रवारी पहाटे पुन्हा १२ किलोमीटर. साठा रिकामा असला की सोपा वेगही जड लागतो. भरीला, खाणं दीर्घकाळ कमी पडलं तर शरीर खर्च आवरतं आणि विश्रांतीची नाडी त्यानेही उतरते. म्हणजे ५० हा आकडा थोडा सरावाचा, थोडा उपवासाचा असू शकतो. छातीच्या पट्ट्याला ती वाटणी कळत नाही. बाईंनी उपवास सोडला नाही, बुधवारचा सराव सोमवारी हलवला. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन आणि थायरॉइडचं टीएसएच तपासून घेतलं, ते ठीक निघालं. (नाडीसोबत भोवळ, छातीत दुखणं किंवा अनियमित धडधड असती, तर वही बाजूला ठेवून आधी ईसीजी काढावा लागला असता. नाडी मंद करणारी बीटा ब्लॉकर औषधं घेणाऱ्यांनी तर ही सगळी तुलना स्वतःला लावूच नये.)

मग सहा दिवस धावणं बंद. फक्त चालणं, झोप, पोटभर जेवण. इथे आकड्यांनी पुन्हा चकवलं. नाडी ५० वरून ५२, मग ५४. एचआरव्ही ५५ वरून ४७, मग ४१. घड्याळाने लाल बाण दाखवून ‘तुमची स्थिती घसरते आहे’ असं कळवलं. खरं तर बाई आपल्या जुन्या जागी परतत होत्या. ज्याने फक्त घड्याळ पाहिलं असतं, त्याने तिसऱ्या आठवड्यात सराव वाढवला असता आणि विश्रांतीच्या आठवड्यात काळजी केली असती. दोन्ही नेमकं उलटं.

सातव्या दिवशी सावकाश ५ किलोमीटर. नवव्या दिवशी तळजाई, पण तीनच फेऱ्या: तिसऱ्या फेरीला नाडी १६५, त्रास ६. बाराव्या दिवशी टेम्पो रन, नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीचाच चहा-केळं खाऊन. वेग ५:३८, त्रास ७. त्या दिवशी सकाळी नाडी होती ५४ आणि एचआरव्ही ४२, म्हणजे अगदी सुरुवातीचेच आकडे.

या प्रकाराला नाव देता आलं ते बाराव्या दिवशीच. काही दिवसांत ते दोनएक आठवड्यांत कामगिरी परतली, तर त्याला फंक्शनल ओव्हररीचिंग म्हणतात. अनेक आठवडे लागले तर नॉन-फंक्शनल. महिनोन्‌महिने रखडलं तर ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी या तिघांचीही वही सारखीच दिसू शकते. बाईंनी ७२ किलोमीटरच्या नोंदीपुढे पेन्सिलीने ‘६०, आणि चौथा आठवडा हलका’ असं लिहिलं आणि त्रासाचा रकाना नाडीच्या आधी सरकवला.