नीटच्या गुण-तक्त्याचा फोटो पाठवण्यापूर्वी: रँक, पर्सेंटाइल आणि कटऑफबद्दल थोडं

आमच्या पालक आणि विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

उत्तरतालिका आली की आमच्या व्हॉट्सॲपवर एकाच प्रकारचा फोटो येऊ लागतो. एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांची संख्या असा तक्ता, कुणाच्या तरी मोबाइलच्या पडद्यावरून पुन्हा काढलेला, वरचा मथळा कापलेला. खाली प्रश्न असतो: "सर, ५२४ येतायत, रँक काय पडेल आणि कोणतं कॉलेज मिळेल?" अशा फोटोवरून आम्ही लगेच आकडा का सांगत नाही, आणि तुमचं तुम्हाला काय तपासता येईल, ते इथे लिहिलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका चुकीत. तक्त्यातल्या संख्येचे दोन अर्थ असू शकतात. एक, त्या गुणांच्या पट्ट्यात किती मुलं आहेत. दुसरा, तितके किंवा त्याहून जास्त गुण असलेली एकूण मुलं किती. रँकचा अंदाज दुसऱ्या संख्येवरून येतो. मथळा कापला गेला की हा फरकच दिसत नाही आणि पालक पट्ट्यातली संख्या रँक समजून बसतात.

उदाहरण पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, कोणत्याही वर्षाचे नाहीत. परीक्षेला २०,००,००० मुलं बसली. ५३० किंवा त्याहून जास्त गुण ५१,००० मुलांना. ५२० ते ५२९ या पट्ट्यात ९,००० आणि ५१० ते ५१९ मध्ये १०,५००. मुलीला ५२४ गुण आहेत. वडिलांनी तिच्या पट्ट्यासमोरचे ९,००० वाचले, २० लाखांत ९,००० म्हणजे ९९.५५ पर्सेंटाइल असा हिशोब केला आणि मुंबई-पुण्याच्या कॉलेजांची यादी घेऊन आले.

खरा हिशोब असा. तिच्या पट्ट्याच्या वर ५१,००० मुलं आधीच आहेत, म्हणजे तिची रँक ५१,००१ ते ६०,००० यांच्यात कुठेतरी. पट्ट्यात तिच्या पुढे ५२५ ते ५२९ वाले आहेत. दहा गुणांपैकी पाच गुण, म्हणून ९,००० चे निम्मे, साधारण ४,५००. पण या भागात गुण जसे कमी होतात तशी मुलं वाढतात, त्यामुळे पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात निम्म्याहून थोडी कमीच असतात. म्हणजे रँक ५५,००० ते ५६,५०० च्या आसपास आणि पर्सेंटाइल साधारण ९७.२. वडिलांच्या आणि आमच्या उत्तरात ४६ हजार रँकचं अंतर पडलं. फोटो तिरका असल्यामुळे नजर एक ओळ खाली घसरली तरी याच तक्त्यात दहा हजारांचा फरक पडतो.

तक्ता कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचं कसं? शेवटची ओळ पाहा. वरून बेरीज करत आलेल्या तक्त्यात संख्या खाली फक्त वाढतच जाते आणि शेवटच्या ओळीत परीक्षेला बसलेल्या एकूण मुलांइतकी होते. पट्ट्यांच्या तक्त्यात ती कमी गुणांकडे फुगते आणि पुढे पुन्हा घटते. वरच्या दहा-बारा ओळींत मात्र दोन्ही तक्ते सारखेच वाढताना दिसतात आणि फोटोत नेमका तेवढाच भाग असतो. म्हणून आम्ही पूर्ण तक्ता मागतो, मथळा आणि शेवटच्या ओळीसकट. पडद्यावरून काढलेल्या फोटोत ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात. लगतच्या दोन ओळींमधला फरक एखाद्याच ठिकाणी एकदम उडी मारत असेल, तर आधी तो अंक चुकीचा वाचला गेला का ते पाहावं.

"नक्की एक रँक सांगा" असा आग्रह असतो. आम्ही पट्टाच सांगतो आणि तेच बरोबर आहे असं आमचं ठाम मत आहे. वरच्या उदाहरणात एकट्या ५२४ गुणांवर नऊशेच्या आसपास मुलं असतील. त्यांचा पर्सेंटाइल एकच असतो, कारण तो तितके किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांच्या प्रमाणावर निघतो. रँक मात्र वेगवेगळी पडते, कारण समान गुण असतील तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात. शिवाय फोटोत पर्सेंटाइल ९७.२ असा एकाच दशांशापर्यंत लिहिलेला असतो. २० लाखांत ०.१ म्हणजे २,००० मुलं. स्कोअरकार्डवर पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो, तो याचसाठी.

आता कटऑफ. हा एक शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली पात्रतेची रेषा: खुल्या गटासाठी ५० वा पर्सेंटाइल, राखीव गटांसाठी ४० वा. तिचे गुण दरवर्षी बदलतात. खुल्या गटासाठी २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये सुधारित निकालानंतर १६२ आणि २०२५ मध्ये १४४ होते. २०२५ मध्ये २२,०९,३१८ जणांनी परीक्षा दिली आणि १२,३६,५३१ पात्र ठरले, म्हणजे जवळपास ५६ टक्के. "५० वा पर्सेंटाइल असताना निम्म्याहून जास्त पात्र कसे?" असं बरेच जण विचारतात. राखीव गटांची रेषा खाली असते, त्यामुळे. पात्र होणं म्हणजे जागा मिळणं नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

दुसरा कटऑफ कॉलेजचा. त्या प्रवर्गात, त्या राउंडमध्ये प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा. इथे मागच्या वर्षाच्या गुणांशी यंदाचे गुण लावून पाहू नका. वरच्या तीन वर्षांत एकाच पर्सेंटाइलचे गुण २५ ने वर गेले आणि १८ ने खाली आले. मागच्या वर्षाचा तक्ता खरा उपयोगी पडतो तो असा: कॉलेजचा मागच्या वर्षाचा गुणांतला कटऑफ त्याच वर्षाच्या तक्त्यावरून रँकमध्ये बदलायचा आणि ती रँक यंदाच्या स्कोअरकार्डवरच्या रँकशी ताडून पाहायची. महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांकही लागतो, आणि तो देशपातळीच्या तक्त्यातून मिळत नाही. आम्ही सीईटी सेलच्या निवड याद्या राउंडनिहाय, प्रवर्गनिहाय लावून ठेवतो, त्या याचसाठी.

एमएचटी-सीईटीच्या मुलांना एकच सांगणं. तिथे परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल त्या त्या सत्रातल्या मुलांवरून निघतो. त्यामुळे दुसऱ्या सत्रातल्या मुलाचे गुण आणि पर्सेंटाइल पाहून स्वतःचा पर्सेंटाइल काढू नका.

निकालाआधी आलात तर अंदाजे गुण आणि उत्तरतालिका ताडून पाहिलेली प्रत आणा. रँकचा पट्टा सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही. निकालानंतर फोटोऐवजी स्कोअरकार्डची मूळ पीडीएफ पाठवा, सोबत प्रवर्ग आणि डोमिसाइल कळवा. प्रेफरन्स यादी बनवण्याची फी वेगळी आहे. ती घेतली की प्रत्येक राउंडनंतर नव्या निवड यादीप्रमाणे तुमची यादी आम्ही पुन्हा तपासतो, त्याचे जादा पैसे नाहीत. तक्ता पाठवायचाच असेल तर कागद सपाट ठेवून, मोबाइल सरळ वर धरून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा फोटो काढा आणि तक्ता कोणत्या वर्षाचा आहे ते खाली लिहा.